हवा भरणारे डॉक्टर, हवा काढणारे डॉक्टर

ज्यांना ऐकायला वेळ नाही, किंवा एसटीत ज्यांचा इअरफोन नेमका घरी राहिलाय, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जे सुचलं ते बरंचसं तसंच ठेवलंय.

आजची गोष्ट एका बाटलीपासून सुरू होते. नांदेडला किंवा लातूरला सरकारी दवाखान्याच्या छातीच्या वॉर्डात गेलात तर ती दिसतेच. पेशंट खाटेवर बसलेला, त्याच्या बरगड्यांमधून एक जाड पारदर्शक नळी बाहेर आलेली, आणि नळीचं दुसरं टोक खाटेखाली ठेवलेल्या बाटलीतल्या पाण्यात बुडवलेलं. पेशंट खोकला की पाण्यात बुडबुडे येतात. नातेवाईक एकमेकांना सांगतात, "फुप्फुसात हवा भरली म्हणून नळी टाकली." डॉक्टर या नळीला आयसीडी म्हणतात, आजाराला न्यूमोथोरॅक्स म्हणतात.

"फुप्फुसात हवा भरली" हे वाक्य ऐकून कुणीही विचारेल, फुप्फुसात हवा नाही भरायची तर काय भरायचं? खरी भानगड अशी आहे की हवा फुप्फुसाच्या बाहेर भरलेली असते. फुप्फुस आणि छातीची भिंत यांच्यामध्ये दोन पातळ पडदे असतात. एक फुप्फुसाला चिकटलेला, दुसरा आतून बरगड्यांना. दोघांच्या मध्ये अगदी थोडा ओलावा. काचेच्या दोन ओल्या पट्ट्या एकमेकींवर ठेवल्या तर त्या सरकतात पण सुटत नाहीत, तसंच हे. फुप्फुसाचा स्वभाव फुग्यासारखा, ते सतत आकसायला बघतं. छातीचा पिंजरा बाहेर फाकायला बघतो. या ओढाताणीमुळे मधल्या जागेतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा किंचित कमी राहतो, आणि त्याच्या जोरावर फुप्फुस फुगलेलं राहतं. कुठूनही भोक पडलं, आतून फुप्फुसाला किंवा बाहेरून छातीला, की हवा त्या जागेत शिरते, पकड सुटते आणि फुप्फुस आपलं आपण मिटतं.

या प्रकाराला नाव दिलं ते जाँ इतार नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं, १८०३ साली. जंगलात सापडलेल्या व्हिक्टर नावाच्या मुलाला शिकवायचा प्रयत्न करणारा जो इतार, तोच हा. पण जिवंत माणसात हा आजार ओळखायचा कसा, हे नीट मांडलं रने लाएनेकनं, १८१९ मध्ये. त्यानं तीन वर्षांआधी लाकडी नळकांड्याचा स्टेथोस्कोप बनवला होता. एका बाजूला श्वासाचा आवाज येत नाही, आणि त्याच बाजूला बोटानं ठोकलं तर ढोलासारखा पोकळ आवाज येतो, ही त्याची खूण. दोनशे वर्षं झाली, आजही मेडिकलच्या पोराला हेच शिकवतात. लाएनेकच्या काळात फुप्फुस मिटलेला माणूस म्हणजे बहुतेक क्षयाचा रोगी असायचा. टीबीनं फुप्फुस पोखरलं जायचं, पृष्ठभागाजवळची एखादी जागा फुटायची आणि हवा निसटायची.

आता गोष्टीला गंमतीशीर वळण आहे. डॉक्टरांच्या लक्षात आलं की टीबीच्या काही रोग्यांचं फुप्फुस असं आपोआप मिटलं, तर ते मरायच्या ऐवजी सुधारायलेत. इटलीतल्या कार्लो फोर्लानिनीनं १८८२ मध्ये कल्पना मांडली की आपणच मुद्दाम हवा भरून रोगट फुप्फुस मिटवू. मोडलेल्या हाताला आपण विश्रांती देतो, तशी फुप्फुसाला. पोखरलेल्या पोकळ्या दाबल्या जातील आणि बऱ्या होतील. याला म्हणायचे कृत्रिम न्यूमोथोरॅक्स, आणि सॅनेटोरियमच्या बोलीत नुसतं "ए.पी.". बरगड्यांमधून सुई घालायची, ती पाण्याच्या दाबमापकाला जोडायची, श्वासाबरोबर पाणी वरखाली हललं की समजायचं सुई नेमक्या त्या दोन पडद्यांमध्ये आहे, आणि मग मोजून दोनशे-तीनशे मिलिलिटर हवा सोडायची. टोमास मानची "मॅजिक माउंटन" ही १९२४ ची जर्मन कादंबरी अशाच सॅनेटोरियममध्ये घडते. तिच्यात एक मुलगी आपल्या मिटलेल्या फुप्फुसातून शिट्टी वाजवून पाहुण्यांना दचकवते.

भारतात १९३० आणि ४० च्या दशकांत हा उपचार चांगलाच रूढ होता. आपल्याकडची नावाजलेली ठिकाणं म्हणजे पाचगणीचं बेल-एअर आणि मिरजेजवळ वानलेसवाडीला १९२० मध्ये सुरू झालेलं सॅनेटोरियम. मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. संस्थानाचं सॅनेटोरियम विकाराबादजवळच्या अनंतगिरीच्या टेकड्यांवर उभं राहिलं. लातूर रोड, उदगीर, बीदर करत हैदराबादला जाणारी गाडी आजही विकाराबादवरूनच जाते.

या उपचाराची एक कटकट होती. भरलेली हवा शरीर हळूहळू शोषून घ्यायचं आणि फुप्फुस परत फुगायचं. म्हणून रोग्याला आठवड्या-दोन आठवड्यांनी "रिफिल"साठी परत जावं लागायचं, तेही दोन-तीन वर्षं. पेनाची नाही हो, छातीची रिफिल! पण या कटकटीतून डॉक्टरांना एक गोष्ट पक्की कळली. छातीतली हवा, भोक बंद असेल तर, आपली आपण जिरते. वेग कमी आहे. छातीची एक बाजू हे एकूण माप धरलं तर दिवसाला साधारण दीड-दोन टक्के. म्हणजे पाव बाजू हवेनं भरली असेल तर जिरायला दोन-अडीच आठवडे. हा हिशोब लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

स्ट्रेप्टोमायसिन आलं, १९५२ मध्ये आयसोनियाझिड आलं, आणि १९५९ मध्ये मद्रासच्या क्षयरोग केंद्रानं दाखवून दिलं की गोळ्या घेत घरी राहिलेला गरीब रोगीही सॅनेटोरियममधल्या रोग्याइतकाच बरा होतो. मग छातीत हवा भरणारी सुई कपाटात गेली. मागे राहिले हवा काढणारे डॉक्टर.

मधल्या काळात, १९३२ मध्ये, डेन्मार्कच्या हान्स केरगार्डनं एक महत्त्वाची गोष्ट लिहून ठेवली. तोवर धडधाकट तरुणाचं फुप्फुस अचानक मिटलं तरी लोक टीबीच धरून चालायचे. केरगार्डनं अशा तरुणांचा बराच काळ पाठपुरावा केला आणि दाखवलं की यांतल्या बहुतेकांना पुढे टीबी होतच नाही. त्यांच्या फुप्फुसाच्या शेंड्याला बारीक फोड असतात, पापडावर येतात तसे, आणि त्यातला एखादा फुटतो. असा माणूस बहुधा तरुण, पुरुष, उंच आणि सडपातळ असतो. सिगारेट ओढत असेल तर धोका कितीतरी पट वाढतो.

म्हणजे इथून पुढे आजार एकच, पण माणसं दोन प्रकारची झाली. एक, ज्याचं बाकीचं फुप्फुस ठणठणीत आहे. दुसरा, ज्याचं फुप्फुस आधीच टीबीनं, विडीनं किंवा दम्याच्या जुन्या आजारानं झिजलंय. नळी कुणाला टाकायची याचं बरंचसं उत्तर या फरकात आहे. आपण दोघांनाही भेटू. माणसं कल्पनेतली आहेत, पण अशी माणसं तुमच्या ओळखीत निघतील.

पहिला, लातूर पॅटर्नवाला. एकोणीस वर्षांचा, नीटची तयारी करणारा, कंधारकडचा पोरगा, लातूरला खोली करून राहतो. सहा फूट उंच, वजन बावन्न किलो. सकाळी खोलीत बसल्या बसल्या उजव्या छातीत सुरी खुपसल्यासारखी कळ येते. जड काही उचललेलं नाही, धावलेला नाही. हा आजार बऱ्याचदा असाच आरामात बसलेल्याला गाठतो. रूममेट म्हणतो, "गॅस झाला असंल, सोडा पी." सोडा पितो. तासाभरानं कळ कमी होते, पण खोल श्वास घेतला की टोचतं, जिना चढताना दम लागतो. संध्याकाळी दवाखान्यात जातो आणि छातीचा एक्स-रे निघतो.

रॉन्टगेननं १८९५ च्या नोव्हेंबरात क्ष-किरण शोधले, त्यानंतर लाएनेकची बोटानं ठोकायची युक्ती मागे पडली नाही, पण आजार डोळ्यांनी दिसायला लागला. काय दिसतं? एक्स-रेवर हवा काळी दिसते आणि हाड पांढरं. निरोगी फुप्फुस नुसतं काळं नसतं. त्यात रक्तवाहिन्यांच्या पांढुरक्या रेघा झाडाच्या फांद्यांसारख्या थेट कडेपर्यंत पसरलेल्या असतात. आपल्या पोराच्या फिल्मवर उजव्या बाजूला, बरगड्यांच्या आत, त्यांना साधारण समांतर जाणारी केसासारखी बारीक पांढरी रेघ दिसते. ती मिटलेल्या फुप्फुसाची कड. त्या रेघेच्या बाहेर मात्र एकही फांदी नाही, कोरा काळा पट्टा. निदान करायला या दोन गोष्टी एकत्र लागतात, रेघ आणि तिच्या पलीकडचा कोरेपणा. नुसत्या रेघेवर विश्वास ठेवला तर फसायला होतं. पाठीच्या कातडीची घडी फिल्मवर दाबली गेली किंवा खांद्याचं फावडं आड आलं तरी रेघ दिसते, पण तिच्या पलीकडे फांद्या चालू असतात.

पट्टा मोजला तर दोन सेंटिमीटर. "एवढासाच!" असं वाटतं ना? पण फुप्फुस काही कागदावरचं चित्र नाही. ते सगळीकडून आत आलंय. छातीच्या त्या बाजूचा व्यास दहा सेंटिमीटर धरा आणि मिटलेल्या फुप्फुसाचा आठ. आकारमान व्यासाच्या घनाप्रमाणे बदलतं. दहाचा घन हजार, आठचा घन पाचशे बारा. म्हणजे दोन सेंटिमीटरच्या पट्ट्यामागे जवळजवळ निम्मी जागा हवेनं व्यापली आहे. म्हणूनच ब्रिटिश डॉक्टरांच्या २०१० च्या नियमांमध्ये दोन सेंटिमीटर ही सीमारेषा होती. त्याहून जास्त तर मोठा न्यूमोथोरॅक्स, हवा काढा. अमेरिकेत शेंड्यापासून तीन सेंटिमीटर मोजायचे. एकाच फिल्मला लंडनमध्ये मोठी म्हणतील आणि शिकागोत लहान, असंही व्हायचं.

मग २०२० मध्ये ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या एका चाचणीनं हा मोजपट्टीचा कारभार हलवला. आपल्या पोरासारखे ३१६ रुग्ण, सगळे १४ ते ५० वयाचे, फुप्फुसाचा दुसरा आजार नसलेले, पहिल्यांदाच झालेला आणि मध्यम ते मोठा न्यूमोथोरॅक्स असलेले. चिठ्ठी टाकावी तसे त्यांचे दोन गट केले. एका गटाला लगेच नळी, दुसऱ्याला वेदनाशामक गोळ्या, देखरेख आणि वाट पाहणं. वाट पाहणाऱ्या १६२ जणांपैकी फक्त २५ जणांना पुढे हवा काढायची गरज पडली. बाकीच्यांची हवा जिरली, सॅनेटोरियमवाल्यांना माहीत होती तशीच. वर्षभरात पुन्हा फुप्फुस मिटायचं प्रमाणही वाट पाहणाऱ्यांमध्ये कमी निघालं, साधारण नऊ टक्के विरुद्ध सतरा टक्के. आठ आठवड्यांत फुप्फुस पूर्ण फुगणं नळीच्या गटात किंचित जास्त होतं, आणि काही रुग्ण शेवटच्या तपासणीला आलेच नाहीत म्हणून आकड्यांवर वादही झाले. पण २०२३ च्या ब्रिटिश नियमांनी सेंटिमीटरला पहिल्या जागेवरून उठवलं. आता पहिला प्रश्न असतो, माणसाला त्रास किती होतोय?

आपला पोरगा पूर्ण वाक्यं बोलतोय. नाडी ८८, ऑक्सिजन ९७, बीपी बरोबर. थोडं दुखतंय इतकंच. चार-सहा तास थांबवून पुन्हा फिल्म काढली, पट्टा वाढलेला नाही. याला नळी न टाकता सोडता येतं, दर दोन-चार दिवसांनी दाखवायला यायच्या बोलीवर. त्रास थोडा जास्त असता तर मध्ये एक पायरी आहे, बारीक सुईनं हवा ओढून काढायची आणि बघायचं.

इथं मला एक आडवं बोलायचंय. "घरी वाट बघा" हा सल्ला ज्या देशांतून आला तिथं घर म्हणजे दवाखान्यापासून वीस मिनिटं. आपला पोरगा लातुरात रूममेटसोबत राहणार असेल तर ठीक. पण तोच जर किनवट-माहूरकडच्या तांड्यावर जाणार असेल, रात्री दम वाढला तर गाडी कुठून आणायची याचंच उत्तर नसेल, तर डॉक्टरनं त्याला वॉर्डात ठेवून घेणं मला अजिबात जुनाट वाटत नाही. फिल्म तीच, पण पत्ता वेगळा असला की निर्णय बदलू शकतो.

आता दुसरा माणूस. मुखेडकडचा, वय छप्पन्न, दोनदा टीबीचं औषध झालेलं, तीस वर्षं विडी. दोन दिवसांपासून डावीकडे दुखतंय आणि दम लागतोय. नांदेडला आणलं तेव्हा ऑक्सिजन ८४, श्वास मिनिटाला ३२, वाक्य अर्ध्यात तोडतोय. एक्स-रेवर पट्टा दीडच सेंटिमीटर. पोरापेक्षा लहान! तरीही नळी यालाच लागणार. कारण पोराचं उरलेलं दीड फुप्फुस निरोगी आहे, तो भागवून नेतो. याच्याकडे मुळात शिल्लकच नव्हती. त्यात टीबीनं कडक झालेल्या फुप्फुसाचं भोक लवकर बुजत नाही, त्यामुळे हवा जिरण्याचा आपला मघाचा हिशोब इथं लागू पडत नाही. नुसतं थांबून भागत नाही.

पण या माणसाच्या बाबतीत नळी टाकायच्या आधी एक मोठा सापळा आहे. झिजलेल्या फुप्फुसात कधी कधी फुग्यासारखी मोठी पोकळी तयार होते, तिला बुला म्हणतात. तीही एक्स-रेवर काळी, तिच्यातही फांद्या नाहीत. तिलाच न्यूमोथोरॅक्स समजून नळी घातली तर नळी थेट फुप्फुसात घुसते आणि नव्हतं ते भोक तयार होतं. फरक बारकाईनं बघावा लागतो. न्यूमोथोरॅक्सची रेघ बरगड्यांच्या बाजूला फुगलेली असते, बुलाची कड उलटी, वाटीसारखी आत वळलेली. जुनी फिल्म मिळाली तर फार बरं, कारण बुला तीन वर्षांपूर्वीच्या फिल्मवरही तिथंच दिसतो. टीबीच्या रोग्याच्या घरी त्या जुन्या फिल्म पत्र्याच्या पेटीत किंवा आढ्याला खोचलेल्या असतात, त्या घेऊन या. शंका उरलीच तर, आणि पेशंट तेवढा वेळ देत असेल तर, सीटी स्कॅन. त्यात दोन्ही गोष्टी स्पष्ट वेगळ्या दिसतात.

"पेशंट वेळ देत असेल तर" असं मी म्हटलं, कारण तिसरा एक प्रकार वेळ देत नाही. भोकावर कातडीचा पडदा असा बसतो की हवा आत येते, पण बाहेर जात नाही. प्रत्येक श्वासाला दाब वाढतो, हृदय आणि मोठ्या शिरा दुसऱ्या बाजूला ढकलल्या जातात, हृदयाकडे रक्त परतेना होतं. दम भयंकर वाढतो, नाडी धावते, बीपी कोसळतं, त्या बाजूचा श्वास ऐकू येत नाही. याला टेन्शन न्यूमोथोरॅक्स म्हणतात. आपल्या रोजच्या टेन्शनशी याचा काही संबंध नाही. इथं एक्स-रेला पाठवायचं नाही. जाड सुई घालून आधी हवा सोडायची, मग नळी. सुई कुठं घालायची हेही बदललंय. पूर्वी गळपट्टीच्या हाडाखाली, दुसऱ्या बरगडीच्या फटीत. २०१८ पासून जागतिक अपघात-प्रशिक्षणात मोठ्या माणसांसाठी काखेखालची चौथी-पाचवी फट सांगतात, कारण पुढच्या बाजूला छातीची भिंत जाड असते आणि सुई बऱ्याचदा आतपर्यंत पोचतच नाही.

हा प्रकार सगळ्यात जास्त दिसतो तो अपघातात. आपल्या भागात छातीच्या मारावर बोलताना किल्लारी आठवणारच. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चार वाजायच्या आत, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, दगड-मातीच्या जाडजूड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. तेव्हा लातूरला सरकारी मेडिकल कॉलेज नव्हतं, ते २००२ मध्ये आलं. अंबाजोगाईचं होतं, नांदेडचं १९८८ मध्ये सुरू झालेलं होतं. असा भार छातीवर पडला की मोडलेली बरगडी फुप्फुसात घुसू शकते. आणि अशा पेशंटला उभं करून फिल्म काढता येत नाही, आडवा ठेवूनच काढावी लागते. आडव्या माणसात हवा वर, म्हणजे छातीच्या पुढच्या भागात तरंगते आणि ती कडेची रेघ दिसतच नाही. फार तर बरगड्या आणि पोट यांच्यामधला कोपरा एका बाजूला नेहमीपेक्षा खोल आणि काळा दिसतो. त्यामुळे आडव्या फिल्मवर निम्मे न्यूमोथोरॅक्स सहज निसटतात.

त्यावरचा उपाय चक्क घोड्याकडून आला. १९८६ मध्ये एका पशुवैद्यकानं लिहून ठेवलं की घोड्याच्या छातीवर सोनोग्राफीचा प्रोब ठेवला तर निरोगी फुप्फुस श्वासाबरोबर पडद्याखाली सरकताना दिसतं, आणि मध्ये हवा शिरली की ते सरकणं थांबतं. पुढच्या दशकात फ्रान्समध्ये हेच माणसांवर वापरलं गेलं. आज अपघात विभागात खाटेशेजारी दोन मिनिटांत ही तपासणी होते. अर्थात इथंही बुला आणि जुनाट चिकटलेला पडदा फसवतात. टीबीनं पडदे चिकटले असतील तरी सरकणं दिसत नाही, म्हणून आपल्या मुखेडच्या काकांवर केवळ सोनोग्राफीच्या भरवशावर नळी टाकायची नाही.

काकांची जुनी फिल्म सापडली, तिच्यात बुला नव्हता. नळी टाकायचं ठरलं. जागा काखेखाली, चौथ्या-पाचव्या फटीच्या आसपास, जिथं स्नायू पातळ असतात. कातडी बधिर करतात आणि नळी नेहमी खालच्या बरगडीच्या वरच्या काठावरून सरकवतात, कारण प्रत्येक बरगडीच्या खालच्या काठाला शीर, धमनी आणि नस लपलेली असते. नळीचं बाहेरचं टोक मग आपल्या त्या बाटलीत जातं.

ही बाटली हॅम्बुर्गच्या गोटहार्ट ब्यूलाऊची. १८७५ मध्ये त्यानं छातीतला पू काढायला ती वापरली आणि १८९१ मध्ये त्यावर लिहिलं. त्याआधी सरळ छाती उघडून भोक ठेवायचे, त्यातून बाहेरची हवा आत जायची आणि फुप्फुस अजूनच मिटायचं. ब्यूलाऊनं नळीचं टोक पाण्याखाली ठेवलं. पेशंटनं श्वास सोडला किंवा खोकला की आतली हवा पाण्यातून बुडबुडे करत निघून जाते, कारण टोक पाण्यात दोनच सेंटिमीटर बुडालेलं असतं आणि तेवढं पाणी ढकलायला जोर लागत नाही. श्वास घेताना मात्र हवेला परत जाता येत नाही. पाणी नळीतून थोडं वर चढतं, पण छाती बाटलीपासून तीन फूट उंचीवर असते, तिथपर्यंत ते पोचत नाही. बस, एवढीच युक्ती. वीज नाही, मोटर नाही, म्हणून दीडशे वर्षांनीही ती टिकून आहे.

आणि यात जे बिघडतं तेही याच साध्या हिशोबातून बिघडतं. वॉर्डातला एक नेहमीचा संवाद बघा.

"डॉक्टर, बाटलीत बुडबुडे यायलेत ओ, काही होतं का?"

"येऊ द्या मावशी, हवा निघायलीय. फक्त बाटली वर उचलायची नाही. काकांना बाथरूमला नेताना पण गुडघ्याच्या खालीच धरायची. आणि नळीला चिमटा लावू नका, कुणीही सांगितलं तरी."

बाटली छातीच्या वर गेली तर तिच्यातलं पाणी उलटं छातीत उतरतं. बुडबुडे येणाऱ्या नळीला चिमटा लावला तर निघणारी हवा कोंडते, आणि मघाचा टेन्शनवाला प्रकार आपण स्वतः तयार करतो. अँब्युलन्समधून दुसऱ्या गावाला नेताना ही चूक हमखास होते. नळी सुटू नये म्हणून कुणीतरी काळजीपोटी चिमटा लावतो. नळी बरगडीच्या अंगानं चिकटपट्टीनं नीट बांधायची, बाटली खाली उभी ठेवायची, चिमटा नाही. चुकून बाटली फुटलीच तर नळीचं टोक स्वच्छ पाण्याच्या दुसऱ्या भांड्यात बुडवायचं.

बाटली बघून आत काय चाललंय तेही कळतं. श्वासाबरोबर नळीतलं पाणी वरखाली होतंय, म्हणजे नळी मोकळी आहे. पाणी हलायचं थांबलं तर दोन शक्यता. फुप्फुस पूर्ण फुगून नळीला टेकलंय, किंवा नळी वळलीय, चोंदलीय. पेशंटला बरं वाटत असेल तर बहुधा पहिली, दम वाढला असेल तर दुसरी. काकांना पहिल्या दिवशी साध्या श्वासालाही बुडबुडे येत होते, म्हणजे भोक मोठं होतं. लगेच यंत्रानं जोरात ओढून घेऊ असा मोह होतो, पण चार-पाच दिवस मिटलेलं फुप्फुस झटक्यात फुगवलं तर त्यातच पाणी साचू शकतं. म्हणून सुरुवातीला नुसती बाटली. थुंकीची टीबी तपासणीही लावली, कारण जुना आजार पुन्हा जागा झाला असेल तर भोक बुजायला औषधही लागणार.

तिसऱ्या दिवशी बुडबुडे फक्त खोकल्यावर यायला लागले. सहाव्या दिवशी खोकल्यावरही नाहीत. अजून चालूच राहिले असते तर सर्जनला बोलवावं लागलं असतं, दुर्बिणीतून भोक शिवायला किंवा पडदे मुद्दाम चिकटवायला. इथं गरज पडली नाही. फिल्म काढली, फांद्या कडेपर्यंत पोचलेल्या. एक दिवस आणखी थांबून काकांना खोल श्वास घेऊन धरून ठेवायला सांगितलं, नळी एका झटक्यात ओढली आणि आधीच घालून ठेवलेला टाका आवळला. दुसरी फिल्म निघेपर्यंत मावशी ती रिकामी बाटली हातात धरून उभ्या होत्या, गुडघ्याच्या खाली.

तर मंडळी, भेटू पुढच्या भागात.